रजाकाकू आणि रविवारचा बदली वर्ग

आजारपणाची सूचना लिहिणं हे किती जोखमीचं काम आहे, ते रजाकाकूंची ओळख झाल्याशिवाय कळणार नाही.

काकूंची अख्खी नोकरी एका मोठ्या कार्यालयात रजेचे अर्ज तपासण्यात गेली. ज्याला ताप आला, ज्याची कंबर धरली, ज्याच्या आत्याला अचानक बरं वाटेनासं झालं, त्या प्रत्येकाचा कागद काकूंच्या टेबलावरून जायचा. एकेका आत्याला लोकांनी किती वेळा मारलं याचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का असायचा. साहेब लोकसुद्धा पोट बिघडल्याचा अर्ज पाठवताना दोनदा विचार करत. स्वतः काकूंनी मात्र कधी आजारपणाची रजा घेतली नाही. ताप अंगावर काढला, दाढ दुखली तर गालाला रुमाल बांधून टेबलावर बसल्या. त्यांचं स्वतःवरही तेवढंच लक्ष होतं, म्हणजे स्वतःचा आजारही त्यांना आधी खोटाच वाटायचा.

निवृत्त झाल्यावर संशय घ्यायला माणसंच उरली नाहीत. मुलगा लांब, यजमान केव्हाच गेलेले. मग भाजीवाल्याचा काटा, इस्त्रीवाल्याची मोजणी, दूधवाल्याचं पाणी, यांच्यावर काही वर्षं निघाली. शेवटी गुडघा कुरकुरायला लागला, डॉक्टरांनी योगासनं करा म्हणून सांगितलं, आणि काकू आमच्या वर्गात आल्या.

आमचा वर्ग म्हणजे सोसायटीच्या हॉलमध्ये मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी भरणारा योगाचा वर्ग. शिकवतात त्या बाई. त्यांना सगळे नुसतं बाईच म्हणतात. बाकीची उस्तवार माझ्याकडे. हॉलचं कुलूप उघडणं, कोपऱ्यातल्या स्पीकरची वायर जोडणं, हजेरी, गटावर सूचना टाकणं, आणि तीच सूचना कागदावर लिहून दारावर चिकटवणं, कारण निम्म्या लोकांना मोबाइल उघडायचा कंटाळा. या कामाचे आभार कुणी मानत नाही. चूक झाली तर मात्र सगळ्यांना माझा नंबर पाठ असतो.

बाईंची शिकवायची पद्धत वेगळी होती. त्या स्वतः आसन करून दाखवत नसत. 'डोळे मिटा आणि ऐका,' एवढंच म्हणायच्या. कॉलरला छोटा माइक लावून त्या रांगांमधून फिरायच्या आणि कोपऱ्यातल्या खोक्यातून त्यांचा आवाज यायचा. उजवा पाय, डावा हात, श्वास आत, हळूहळू बाहेर. शेजारणीकडे बघून करायला लागलं की माणूस स्वतःचं शरीर विसरतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आम्ही सगळे तासभर आंधळ्यांसारखे त्या आवाजाच्या मागून चालायचो. वर्गाआधी बोलायचं नाही हाही त्यांचाच नियम. आलं की चटई टाकायची, डोळे मिटायचे आणि आडवं व्हायचं.

तर त्या सोमवारी संध्याकाळी बाईंचा मला निरोप आला, फोन नाही, लिहिलेला. तब्येत ठीक नाही, या आठवड्याचे दोन्ही वर्ग रद्द करा, रविवारी बदली वर्ग ठेवा. इतक्या वर्षांत बाईंनी कधी वर्ग बुडवला नव्हता. मला काळजी वाटायला हवी होती. खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच की आता कागदाला चिकटपट्टी शोधावी लागणार.

मी लिहिलं ते असं:

'सूचना. बाईंची तब्येत ठीक नसल्यामुळे मंगळवार आणि गुरुवारचे सकाळचे वर्ग होणार नाहीत. त्याऐवजी एकच मोठा बदली वर्ग रविवारी सकाळी सात वाजता, याच हॉलमध्ये होईल. ज्यांना रविवारी जमणार नाही त्यांनी कळवावं, त्यांचे दोन्ही वर्ग पुढच्या महिन्यात धरले जातील. चटई आपापली आणावी. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

मला वाटलं, यात खोट काढण्यासारखं काय आहे?

मंगळवारी सकाळी मी दाराशी गेले, कुणी चुकून आलं तर परत पाठवावं म्हणून. काकू आधीच उभ्या. सूचना त्यांनी रात्रीच गटावर वाचली होती, पण कागद प्रत्यक्ष बघायला आल्या होत्या. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी तो वाचला, मग पुन्हा वाचला, आणि खालचा कोपरा नखाने उचलून मागे काही लिहिलंय का तेही बघितलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"आजार कुठला ते नाही."

"मला तरी कुठे माहीत आहे?"

"बघ!" काकूंचा चेहरा एकदम तरुण झाला. "अगं, खरा आजारी माणूस फार कंटाळवाणा असतो. त्याला सगळं सांगायचं असतं. कधीपासून, कुठल्या बाजूला, काय खाल्लं, किती वेळा जावं लागलं. वाचताना नको जीव होतो. 'तब्येत ठीक नाही' हे कोण लिहितं? ज्याला सिनेमाला जायचं असतं तो."

"बाई सिनेमाला जातील असं वाटत नाही मला."

"आणि हे रविवारी सात वाजता. आजारी माणसाला सोमवारीच कसं कळतं रविवारी उठून बसणार आहोत ते? डॉक्टरला कळत नाही, हिला कळलं?"

ते खरंच विचित्र होतं, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं याचा मला राग आला.

"कुठेतरी पाणी मुरतंय," काकू म्हणाल्या, आणि काठी न टेकता पायऱ्या उतरून गेल्या. संशय आला की त्यांचा गुडघा दुखत नसे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे त्या रविवारवर काय काय अवलंबून होतं ते कळेल. कोपऱ्यावर नवीन फिटनेस सेंटर निघालं आहे. काचेच्या भिंती, थंडगार हवा, गुळगुळीत लाकडी जमीन. तिथली मंडळी आमच्या सोसायटीच्या हॉलवर डोळा ठेवून होती, कारण सकाळची वेळ त्यांना त्यांच्या ज्येष्ठांच्या बॅचसाठी हवी होती. सोसायटीचा नियम असा की रद्द झालेला वर्ग त्याच आठवड्यात भरून काढला तर ठीक, नाहीतर वेळ मोकळी झाली असं धरून रांगेतल्या पुढच्याला द्यायची. नियम चांगला आहे, पूर्वी एक नृत्याचा वर्ग सहा महिने नुसता हॉल अडवून बसला होता म्हणून केलेला. पण त्या नियमाप्रमाणे रविवारी बाईंनी वर्ग घेतला नाही तर आमचा वर्ग संपला. बाईंना दुसरा हॉल या भागात मिळणार नव्हता, आणि दुसरं कामही त्यांना येत नव्हतं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

बुधवारी काकूंचा फोन आला. आवाज इतका दबलेला, जणू त्या एखाद्या खांबाआड उभ्या आहेत. त्या खरोखरच खांबाआड उभ्या होत्या.

"बाई चालल्यात. रस्त्यावरून. झपझप."

"मग?"

"मग काय? आजारी माणूस झपझप चालतो? खांद्याला पिशवी, तोंडावर तरतरी. मी हाक मारली. वळून बघितलं, हात जोडले, आणि एक शब्द न बोलता पुढे. माझ्याशी! मी रोज पहिल्या रांगेत बसते! आणि गेल्या कुठे माहीत आहे? सेंटरच्या इमारतीत."

तसं असेल तर सगळं जुळत होतं. सेंटरने बाईंना आपल्याकडे ओढलं असेल. आमचा वर्ग आपोआप मोडू द्यायचा, वेळ मोकळी व्हायची, आणि त्याच हॉलमध्ये बाई सेंटरच्या नावाने परत यायच्या. आमच्यापैकी कुणाला घेतील, कुणाला नाही, कोण जाणे.

मी बाईंना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला तर पहिल्याच घंटीला कट केला. मी लिहून विचारलं, काय आहे ते खरं सांगा. उत्तर आलं: 'रविवारी वर्ग नक्की होईल. कृपया कुणाला काही सांगू नका.'

काय सांगू नका? मला काही माहीत असतं तर ना! मी तो निरोप पाच वेळा वाचला आणि प्रत्येक वेळी तो जास्त वाईट वाटत गेला. संशय ही गोष्ट सर्दीसारखी आहे, काकूंच्या शेजारी उभं राहिलं की लागते.

काकूंनी तोवर गटावर लिहूनही टाकलं होतं. थेट आरोप नव्हता, तेवढ्या त्या कच्च्या नाहीत. 'आज बाई कोपऱ्यावरच्या इमारतीत जाताना दिसल्या. तब्येत सुधारलेली पाहून आनंद झाला.' बस, एवढंच. तासाभरात गटावर जे काही उसळलं, ते सांगायची सोय नाही. बेकरीवाल्याने विचारलं, मग गुरुवारचा वर्ग का रद्द? दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, कुणी तरी अधिकृत खुलासा करावा. अधिकृत म्हणजे मी. आणि पहिल्या रांगेत काकूंच्या शेजारी बसणाऱ्या दोघी जावा-जावा, ज्या वर्गात सतत कुजबुजत असतात, त्या गुरुवारी सेंटरमध्ये जाऊन फुकटचा नमुना वर्ग करून आल्या आणि तिथली हवा किती थंड आहे ते फोटोसकट कळवलं. शुक्रवारी त्यांनी आमचा गट सोडला.

शनिवारी मी हॉलची किल्ली आणायला सोसायटीच्या ऑफिसात गेले, तर काकू सेक्रेटरींसमोर खुर्ची ओढून बसलेल्या. सेक्रेटरी म्हणजे किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरणारा माणूस, नियम म्हणजे नियम हे वाक्य झोपेतही म्हणेल असा.

"मी काही म्हणत नाही," काकू म्हणत होत्या, "पण उद्या सात वाजता तुम्ही स्वतः येऊन बघा. वर्ग खरंच होतोय का, बाई खरंच शिकवतायत का. नुसती सतरंजी पसरली म्हणजे वर्ग झाला असं होत नाही."

"येतो की," सेक्रेटरी म्हणाले. "सेंटरवाले रोज विचारतायत. बाईंना जमत नसेल तर सोमवारपासून त्यांना देऊन टाकू."

बाहेर आल्यावर मी काकूंवर भडकले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला? वर्ग गेला तर तुम्ही कुठे जाणार?"

"कुठेही जाईन," काकू म्हणाल्या. "पण फसवून घेणार नाही. फसवायचंच होतं तर बाईंनी तोंडावर सांगायचं होतं. मी काय परकी आहे?"

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज जरा हलला. मला तेव्हा कळलं की काकूंना राग आजाराचा नव्हता. बाईंनी रस्त्यात हाक ऐकून न बोलता पुढे जाणं त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. आठवड्यातले ते दोन तास सोडले तर काकूंना नाव घेऊन कुणी 'मान सैल सोडा' म्हणत नव्हतं, आणि तेही आता कुणी काचेच्या भिंतीआड घेऊन चाललं होतं.

रविवारी मी लवकर जाऊन कुलूप उघडलं. बाई माझ्या आधी दाराशी होत्या. हसल्या, हात जोडले, आणि मी काही विचारायच्या आत स्पीकरकडे गेल्या. वायर त्यांनीच जोडली. इतक्या वर्षांत त्यांनी ती कधी हातात धरली नव्हती, ते माझं काम. मी बघत राहिले. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. कॉलरला माइक होता. मग त्या पुढे जाऊन डोळे मिटून ताठ बसल्या, आणि वर्गाआधी बोलायचं नाही या नियमापुढे माझं तोंड बंद झालं.

माणसं आली. नेहमीच्या निम्मी असतील. बेकरीवाला, डॉक्टरीणबाई, मागच्या रांगेतले चार-पाच. काकू आल्या त्या पहिल्या रांगेत, आणि त्यांच्या शेजारच्या दोन जागा मोकळ्या राहिल्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळे आडवे झालो. मी शेवटच्या रांगेत दाराजवळ.

"डोळे मिटा," खोक्यातून आवाज आला.

तोच आवाज. शांत, जरासा जाड, प्रत्येक शब्दामागे थोडी जागा सोडणारा. सगळ्या हॉलने एकदम श्वास सोडल्यासारखं मला वाटलं. माझ्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. आपण किती वाईट विचार केला बाईंबद्दल, आल्या की नाही, शिकवतायत की नाही! उजवा पाय. डावा हात. श्वास आत.

"काकू, डोळे मिटा. मला दिसतंय," आवाज म्हणाला.

थोडं हसू फुटलं. बरं वाटलं. सगळं पहिल्यासारखं.

कुशीवर वळलो, उठून बसलो, पुढे वाकलो. आवाज पुढे चालला होता. "मान सैल. खांदे खाली. पुढच्या रांगेतल्या जावा, गप्पा घरी गेल्यावर. इथे फक्त श्वास."

मी वाकलेलीच राहिले. एक क्षण काही कळलं नाही. मग कळलं. जावा शुक्रवारीच गट सोडून गेल्या होत्या.

मी डोळे उघडले. हळूहळू सगळ्यांनी उघडले. बाई आमच्या मधोमध उभ्या होत्या, हात छातीशी, ओठ घट्ट मिटलेले. आणि खोक्यातून त्यांचाच आवाज सांगत होता, "छान. आता परत वर या."

काकू तर केव्हाच ताठ बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटलेच नव्हते. नंतर मला त्यांनी सांगितलं की त्या या वर्गात कधीच डोळे मिटत नसत, कारण मिटले की कोण काय करतंय ते दिसत नाही. त्यांना पहिल्या वाक्यापासून दिसत होतं की बाईंचे ओठ हलत नाहीत. पण त्या थांबल्या होत्या. इतरांनी पकडावं म्हणून.

"म्हणजे टेप लावलीय!" बेकरीवाला ओरडला. "अहो, टेप ऐकायला मी रविवारची झोप मोडून आलो?"

"बाई, हे काय आहे?" डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. "निदान सांगायचं तरी!"

बाईंनी धडपडत जाऊन स्पीकर बंद केला. आमच्याकडे वळल्या. तोंड उघडलं. आणि त्यातून जो आवाज आला तो आवाज नव्हता, कोरड्या दोरावर दोर घासावा तसं काहीतरी. दोन शब्दांत त्यांचा चेहरा वेदनेने आक्रसला.

काकू उठल्या कशा ते मला दिसलंच नाही. त्या बाईंसमोर उभ्या होत्या आणि त्यांनी आपला पंजा बाईंच्या तोंडावर ठेवला होता.

"गप्प," काकू म्हणाल्या. "एक अक्षर काढायचं नाही."

मग बाईंनी मोबाइलवर लिहायला सुरुवात केली, आणि मी शेजारी उभी राहून सगळ्यांना वाचून दाखवत गेले. स्वरतंतूंवर गाठी झाल्या होत्या. वर्षानुवर्षं बोलून, माइक येण्याआधी तर ओरडून. डॉक्टरांनी बोलणं पूर्ण बंद ठेवायला सांगितलं होतं, कुजबुजणंसुद्धा नाही, कारण त्यानेही ताण येतो. किती दिवस, ते पुन्हा तपासल्यावर कळणार होतं. ते घशाचे डॉक्टर सेंटरच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर बसतात. बाहेरगावी जाणाऱ्यांना घरी सराव करता यावा म्हणून बाईंनी कधीतरी एक वर्ग मोबाइलवर उतरवून ठेवला होता, तोच लावला होता. त्यात जावांना दिलेला दम आहे हे त्या विसरल्या होत्या.

शेवटचं वाक्य मला वाचवेना. 'आवाज नसलेल्या बाईला हॉल कोण देणार? म्हणून लपवलं.'

बेकरीवाला आपल्या चटईकडे बघत होता. बाईंनी पिशवीतून डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि काकूंसमोर धरली. दुसऱ्या कुणासमोर नाही, काकूंसमोर.

काकूंनी ती घेतली नाही. बाईंचा हात धरून चिठ्ठीसकट पिशवीकडे ढकलला. "ठेवा ती. मी मागितली का?"

बाई रडायला लागल्या, आवाज न करता. आणि त्याच वेळी जिन्यावर किल्ल्यांचा जुडगा वाजला.

सेक्रेटरी! ते येणार आहेत हे मी विसरूनच गेले होते. बाईंनी आवाज ऐकला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी काकूंकडे बघितलं. माझ्या नजरेत काय होतं मला माहीत आहे, आणि काकूंनाही ते कळलं असणार.

सेक्रेटरी दारात आले. बूट न काढता आत डोकावले. "काय, चाललाय का वर्ग? मला तर बाहेर काहीच ऐकू आलं नाही."

बाई आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या, डोळे पुसत.

"काकू," सेक्रेटरी म्हणाले, "तुम्हीच काल म्हणालात म्हणून आलो. बाई बऱ्या आहेत का? शिकवतायत का? मला सेंटरवाल्यांना आजच सांगायचंय."

काकूंनी चष्मा नीट केला. इतकी वर्षं माणसांच्या आजारपणातलं खोटं शोधणाऱ्या काकू, पाठ ताठ करून, सेक्रेटरींच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाल्या, "ठणठणीत आहेत."

"मग गप्प का उभ्या आहेत?"

"आज मौनाचा अभ्यास आहे. बाई दाखवतात, आम्ही करतो. तुम्ही बडबड करून मोडलात."

"पण तुम्ही तर काल..."

"काल मला शंका होती. आज मी चौकशी केली." काकू एक पाऊल पुढे गेल्या. "का? माझी चौकशी तुम्हाला पुरत नाही?"

सेक्रेटरी पूर्वी काकूंच्याच कार्यालयात होते, हे तेव्हा मला आठवलं, कारण त्यांनी मान अगदी तशीच खाली घातली जशी अर्ज परत आलेली माणसं घालत असतील. ज्या काकूंनी कधी कुणाचा खोटा दाखला चालू दिला नाही, त्या म्हणतायत म्हणजे खरंच असणार. "नाही, नाही, तुम्ही म्हणता म्हणजे झालं," ते म्हणाले. "मंगळवारी नेहमीच्या वेळी ना?"

"नेहमीच्या वेळी," काकू म्हणाल्या.

जुडगा जिन्यावरून खाली वाजत गेला. शेवटची पायरी संपेपर्यंत काकू दाराकडे तोंड करून ताठ उभ्या होत्या. मग त्यांचा गुडघा एकदम वाकला. मी धावले, पण बाई आधी पोचल्या होत्या. त्यांनी काकूंना चटईवर बसवलं.

"मी असं कधी केलं नाही," काकू म्हणाल्या. मला, की बाईंना, की स्वतःला, कळलं नाही. "कधीच नाही गं."

बाई त्यांच्यासमोर बसल्या आणि दोन बोटांनी काकूंच्या कपाळावरच्या आठ्या हलकेच पुसल्या. मग स्वतःचे डोळे मिटून दाखवले.

काकूंनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. आणि मग डोळे मिटून घेतले.